निबंध दोन हजारांवर गेला, मर्यादा दीड हजारांची: कापायचे काय, ठेवायचे काय?

इतिहासाचा निबंध लिहून झाला, शब्द मोजले आणि १,५०० च्या मर्यादेवर २,१४० भरले. कांदिवलीत चारकोप असो, पोयसर असो की ठाकूर कॉम्प्लेक्स, महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचा हा प्रश्न दर सत्रात नव्याने येतो. त्यावर बहुतेक जण करतात ते असे: प्रत्येक परिच्छेदातून थोडे थोडे काढत जातात. विशेषणे जातात, मग उदाहरणे, मग तारखा. शेवटी आकडा जमतो, पण निबंधात फक्त विधाने उरलेली असतात आणि ती कशाच्या आधारावर केली हे कुठेच दिसत नाही.

काटछाट कशी करावी हे नुसत्या सूचनांनी कळत नाही. म्हणून उदाहरणासाठी एक निबंध घेऊ. प्रश्न आहे: ‘१९८२ च्या संपामुळे मुंबईच्या कापड गिरण्या संपल्या, हे विधान कितपत योग्य आहे?’ गिरणगावातून उपनगरांत आलेली अनेक कुटुंबे कांदिवलीत आहेत आणि हा विषय इथले विद्यार्थी आपुलकीने निवडतात. आपुलकीच्या विषयावर शब्द वाढतातही भराभर.

आधी विचारून घ्या: मोजायचे काय?

एकही शब्द काढण्याआधी मर्यादेचा नेमका अर्थ समजून घ्या. शिक्षकांना किंवा स्पर्धेच्या आयोजकांना लेखी विचारा. तो तुमचा हक्क आहे आणि उत्तर हाती असले की नंतर वाद होत नाही. विचारायच्या गोष्टी एवढ्याच:

- तळटीपा आणि संदर्भसूची धरायची का?
- अवतरणे धरायची का?
- मर्यादा ओलांडल्यास गुण कापले जातात, की पुढचा मजकूर वाचलाच जात नाही?
- थोडी सवलत आहे का, की आकडा काटेकोर आहे?

नियम खरोखरच वेगवेगळे असतात. आयबी शाळांतल्या विस्तारित निबंधाची मर्यादा ४,००० शब्दांची आहे. तिथे संदर्भ देणारी तळटीप मोजत नाहीत, पण स्पष्टीकरणाची तळटीप मोजतात आणि मर्यादेपलीकडचा मजकूर परीक्षक वाचत नाहीत. म्हणजे निष्कर्ष ४,००० व्या शब्दानंतर आला, तर तो न लिहिल्यासारखाच. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या निबंधाच्या पेपरात प्रत्येकी १,००० ते १,२०० शब्दांचे दोन निबंध हाताने लिहायचे असतात. तिथे काटछाट लिहिण्याआधी, आराखड्यातच करावी लागते.

संगणकावर मोजत असाल, तर वर्डमधल्या Word Count च्या चौकटीत Include textboxes, footnotes and endnotes हा पर्याय आहे. त्यावर खूण आहे की नाही हे पाहा. त्या एका खुणेने निबंधाची लांबी शंभर-दोनशे शब्दांनी बदलू शकते.

मराठीत लिहिणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट तपासावी. संगणक दोन मोकळ्या जागांमधल्या मजकुराला एक शब्द मानतो. ‘कामगारां साठी’, ‘संपा नंतर’, ‘कायद्या मुळे’ असे तोडून लिहिले असेल तर प्रत्येक ठिकाणी एकाचे दोन शब्द मोजले जातात. शब्दयोगी अव्यये जोडून लिहिणे हाच शुद्धलेखनाचा नियम आहे, त्यामुळे ही बचत पूर्णपणे रास्त आहे. मात्र आकडा कमी दिसावा म्हणून न जुळणारे शब्द चिकटवू नका. ते परीक्षकाला लगेच दिसते.

मग एका वाक्यात लिहा: तुमचे म्हणणे काय?

निबंध बाजूला ठेवा आणि कोऱ्या कागदावर प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात लिहा. आपल्या उदाहरणात ते असे होईल: ‘संपाने गिरण्या संपवल्या नाहीत, आधीपासून चाललेली घसरण त्याने वेगवान केली, आणि १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यामुळे तडजोडीची वाट बंद राहिल्याने ही घसरण कामगारांवर अधिक जोरात कोसळली.’

हे वाक्य लिहिता येत नसेल, तर अडचण शब्दसंख्येची नाही. निबंधात दोन-तीन वेगवेगळी म्हणणी एकत्र राहत आहेत, म्हणून तो लांबला आहे. अशा वेळी कात्री हातात घेण्यापूर्वी एक म्हणणे निवडावे लागते.

वाक्य मिळाले की निबंधाचा उलटा आराखडा करा. म्हणजे लिहून झालेल्या मजकुरातला प्रत्येक भाग कशाबद्दल आहे आणि त्यात किती शब्द आहेत, ते समासात नोंदवा. उदाहरणातला निबंध असा दिसतो:

- गिरण्यांचा उदय, १८५४ पासून स्वातंत्र्यापर्यंत: ३६०
- संपाआधीची उद्योगाची स्थिती: २९०
- १९४६ चा कायदा, मान्यताप्राप्त संघटना, बदली कामगार: २८०
- संपाचा घटनाक्रम: ४८०
- संपानंतर गिरण्यांचे आणि कामगारांचे काय झाले: २६०
- गिरण्यांच्या जमिनी आणि १९९१ ची नियमावली: २३०
- कुटुंबाचे चारकोपला येणे, संपाचे नेते दत्ता सामंत यांची हत्या: १४०
- निष्कर्ष: १००

यादीकडे पाहताच दुखणे समजते. सर्वात मोठे दोन भाग आहेत उदय आणि घटनाक्रम, आणि या दोन्हींत प्रश्नाचे उत्तर नाही. ज्या भागांत ते आहे, ते मात्र तीनशेच्या आत बसले आहेत.

६४० शब्द कुठून काढायचे?

सगळीकडून सारखे तीस टक्के काढू नका. तीन ठिकाणांहून भरपूर काढा आणि बाकीच्याला जवळजवळ हात लावू नका.

*पहिली जागा: पार्श्वभूमी, ३६० वरून ८०.* कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये कापड गिरणीची कंपनी काढली, नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांची संघटना उभी केली, १९२८ मध्ये मोठा संप झाला. हे सगळे खरे आहे आणि अभ्यास केल्याचे समाधान देणारेही आहे. पण १९८२ बद्दलच्या प्रश्नाला यातले किती लागते? वाचकाला दोन गोष्टी कळायला हव्यात: उद्योग सव्वाशे वर्षे जुना होता आणि कामगारांना संघटित लढ्याची सवय होती. त्यासाठी तीन-चार वाक्ये पुरतात. ‘फार पूर्वीपासून’ सुरुवात करण्याची सवय इतिहासाच्या निबंधांत सर्वाधिक शब्द खाते, म्हणून काटछाटीचा पहिला हात नेहमी इथेच घाला.

*दुसरी जागा: घटनाक्रम, ४८० वरून २००.* काय घडले हे सांगणे सोपे असते, म्हणून ते लांबते. ऑगस्ट १९८२ मधले मुंबई पोलिसांचे बंड, १९८४ मध्ये सामंतांचे लोकसभेवर निवडून जाणे, सभा, मोर्चे यांपैकी कोणतीही घटना निबंधाच्या मुख्य वाक्याला आधार देत नाही. राहायला हवे ते इतके: संप कधी सुरू झाला, किती मोठा होता, मागण्या काय होत्या, तडजोड का झाली नाही, आणि संप रीतसर मागे न घेताच कसा विरत गेला.

*तिसरी जागा: १४० शब्दांचा भाग पूर्ण काढा.* हा निर्णय जड जातो. आजोबांची गिरणी बंद पडली आणि कुटुंब चारकोपला आले. चारकोपची वसाहत जागतिक बँकेच्या कर्जातून, म्हाडामार्फत, भूखंड आणि मूलभूत सोयी देण्याच्या योजनेत उभी राहिली. ही माहिती मोलाची आहे. पण प्रश्न गिरण्या का संपल्या हा आहे. गिरणी कामगार कुठे गेले हा नाही. १६ जानेवारी १९९७ रोजी पवईत झालेल्या सामंतांच्या हत्येचेही तसेच. धक्कादायक असली, तरी ती या युक्तिवादातला पुरावा नाही.

हिशेब करा: २८० + २८० + १४० म्हणजे ७०० शब्द गेले, निबंध १,४४० वर आला. साठ शब्द हाती उरले. त्यांतले पन्नास परत खर्च करा, आणि ते विरुद्ध बाजूवर. संप इतका लांबला नसता तर काही गिरण्या सावरल्या असत्या, हे म्हणणे मांडणारे अभ्यासक आणि कामगारही आहेत. त्यांचे म्हणणे दोन वाक्यांत नोंदवून त्याला उत्तर दिले, तर ‘कितपत योग्य’ या शब्दांना न्याय मिळतो. घाईच्या काटछाटीत विरोधी मत सर्वात आधी उडते. तसे होऊ देऊ नका. १,४९० शब्दांवर थांबा.

पुरावा निवडताना

एका दाव्यासाठी तीन पुरावे असतील तर कोणता ठेवायचा? उद्योगाची घसरण संपाआधीच सुरू होती, हा दावा घ्या. त्यासाठी उदाहरणातल्या निबंधात तीन आधार आहेत: गिरण्यांतली जुनी यंत्रे, भिवंडी-मालेगाव-इचलकरंजीच्या यंत्रमागांची स्पर्धा, आणि १९७४ चा आजारी कापड गिरण्यांच्या राष्ट्रीयीकरणाचा कायदा. या कायद्याने देशभरातल्या १०३ गिरण्या सरकारकडे घेतल्या आणि त्यांत मुंबईतल्याही होत्या.

यांत सर्वात बळकट आहे तो कायदा. तो संपाच्या आठ वर्षे आधीचा आहे, त्याची तारीख निर्विवाद आहे आणि गिरण्या आजारी असल्याचे त्याच्या नावातच म्हटले आहे. यंत्रमागांची स्पर्धा ठेवा, कारण ती घसरणीचे कारण सांगते. कायदा फक्त लक्षण सांगतो. जुनी यंत्रे एका उपवाक्यात मावतात. निवडीची कसोटी साधी आहे: हा आधार काढला तर दावा लंगडा पडतो का? पडत असेल तर ठेवा. आधीच्याच पुराव्याची ती दुसरी प्रत असेल तर काढा.

तोंडी आठवणींची गोष्ट थोडी वेगळी. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गिरणगावातल्या माणसांच्या मुलाखतींवर केलेला मौखिक इतिहास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि अनेक विद्यार्थी त्यातून लांबलचक उतारे घेतात. कामगाराची साक्ष बदलीचे जगणे कसे होते, संपाच्या महिन्यांत घर कसे चालले, हे जितके सांगते तितके दुसरे कोणतेही साधन सांगत नाही. उद्योगाचे उत्पादन किती घटले यासाठी मात्र ती वापरू नये. दोन कामगार एकच गोष्ट सांगत असतील तर एकच ठेवा. ऐंशी शब्दांचा उतारा असेल, तर आशय तुमच्या शब्दांत वीस शब्दांत सांगा, ज्या चार-पाच शब्दांत त्या माणसाचा आवाज आहे तेवढेच अवतरणात ठेवा आणि संदर्भ द्यायला विसरू नका. उतारा गेला म्हणून संदर्भही गेला, असे होता कामा नये.

वाक्यावरची कात्री

मोठी काटछाट झाल्यावरच वाक्यांकडे वळा. आधी वाक्ये घासूनपुसून मग परिच्छेदच काढून टाकण्यात वेळ वाया जातो. घटनाक्रमातला हा मजकूर पाहा:

‘दिनांक १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतील सर्व कापड गिरण्यांमधील कामगारांनी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली बेमुदत संपाला सुरुवात केली. या संपामध्ये जवळपास अडीच लाख इतक्या मोठ्या संख्येने कामगार सहभागी झाले होते. हा संप अतिशय ऐतिहासिक स्वरूपाचा होता असे म्हणता येईल. या संपाच्या अनेक मागण्या होत्या. त्यामध्ये वेतनवाढ, बदली कामगारांना कायम करणे आणि मुंबई औद्योगिक संबंध कायदा रद्द करणे या मागण्यांचा समावेश होत होता.’

हे ६३ शब्द आहेत. आता:

‘१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या जवळपास अडीच लाख गिरणी कामगारांनी बेमुदत संप सुरू केला. वेतनवाढ, बदली कामगारांना कायम करणे आणि मुंबई औद्योगिक संबंध कायदा रद्द करणे या मुख्य मागण्या होत्या.’

हे ३५. एकही माहिती गेली नाही. ‘ऐतिहासिक स्वरूपाचा’ गेले, कारण अडीच लाख हा आकडा ते काम करतो. ‘सर्व’ गेले, आणि ते जाणे चांगलेच झाले: काही गिरण्यांतले कामगार त्याआधीच, १९८१ च्या बोनसच्या वादापासून संपावर होते. ‘जवळपास’ मात्र राहिले, आणि ते राहायलाच हवे.

वाक्ये तपासताना या जागी हमखास शब्द सापडतात:

- ‘करण्यात आले’, ‘घेण्यात आला’. ‘कामगारांच्या मागण्या शासनाच्या वतीने मान्य करण्यात आल्या नाहीत’ हे आठ शब्द. ‘शासनाने मागण्या मान्य केल्या नाहीत’ हे पाच. कर्ता पुढे येतो, म्हणजे निर्णय कोणाचा हेही स्पष्ट होते.
- ‘असे म्हणता येईल’, ‘हे लक्षात घेणे आवश्यक आहे’, ‘आपणास असे दिसून येते की’. थेट विधान करा.
- मागच्या परिच्छेदाचा सारांश पुढच्याच्या सुरुवातीला.
- लांब नावे. पहिल्यांदा ‘मुंबई औद्योगिक संबंध कायदा, १९४६’ पूर्ण लिहा, नंतर ‘१९४६ चा कायदा’ पुरतो. राष्ट्रीय मिल मजदूर संघाला पुढे ‘मिल मजदूर संघ’ म्हणा. नुसते ‘संघ’ लिहू नका, मराठी वाचकाच्या मनात दुसरीच संघटना येईल.

काटछाटीत होणाऱ्या चुका

*अंदाजाचे तथ्य होणे.* ‘सुमारे’, ‘बहुतेक’, ‘काही अभ्यासकांच्या मते’ हे शब्द फालतू दिसतात आणि सहज उडवले जातात. पण किती कामगारांची नोकरी कायमची गेली याचे अंदाज वेगवेगळे आहेत. ‘सुमारे’ काढले की तुम्ही एक अंदाज निश्चित आकडा म्हणून मांडता, आणि परीक्षक तिथेच अडवतो.

*दोन घटना चिकटणे.* ही चूक सर्वात घातक, कारण ती लिहिणाऱ्याच्या लक्षात येत नाही. मूळ मजकुरात असते: ‘१९८३ मध्ये केंद्राने मुंबईतल्या १३ गिरण्यांचे व्यवस्थापन ताब्यात घेतले. पुढे १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनीच्या विकासाची वाट उघडली आणि जमीन महापालिका, म्हाडा व मालक यांच्यात वाटण्याची तरतूद केली.’ शब्द वाचवायला ‘पुढे १९९१ च्या’ काढले जाते आणि उरते: ‘जमिनीसाठी मालकांनी गिरण्या बंद ठेवल्या.’ आता नऊ वर्षांनंतरचा नियम १९८२ मधल्या मालकांच्या हेतूचा पुरावा झाला. तो तसा नाही. १९९१ चा नियम गिरण्या नंतर पुन्हा उभ्या का राहिल्या नाहीत हे समजून घ्यायला उपयोगी आहे. संपाच्या वेळचा हेतू दाखवायचा तर १९८२ पूर्वीचा आधार लागतो. म्हणून काटछाट झाल्यावर फक्त सनावळ्यांवर बोट ठेवून एकदा निबंध वाचा. कारण नेहमी परिणामाच्या आधी आले पाहिजे.

*मुख्य कडी तुटणे.* १९४६ चा कायदा एका उद्योगात, एका भागात एकाच संघटनेला प्रतिनिधित्व देत होता आणि तो अधिकार मिल मजदूर संघाकडे होता. कामगार सामंतांच्या मागे, पण वाटाघाटीचा अधिकार दुसऱ्याच संघटनेला. ही दोन वाक्ये कोरडी वाटतात म्हणून काढली जातात. ती गेली की तडजोड का झाली नाही हे कळायला मार्गच उरत नाही, आणि वाचक सगळे खापर कुणाच्या तरी हट्टावर फोडतो.

*तळटीपांत लपवणे.* काढलेला मजकूर तळटीपेत ढकलणे हा उपाय नाही. जिथे तळटीपा मोजतात तिथे काहीच वाचत नाही. जिथे मोजत नाहीत तिथेही परीक्षकाला युक्ती कळते.

देण्याआधी

मूळ २,१४० शब्दांची प्रत वेगळ्या नावाने जपून ठेवा. काटछाट केलेली प्रत घरातल्या, हा विषय न शिकलेल्या व्यक्तीला वाचायला द्या आणि तीनच प्रश्न विचारा: लेखकाचे म्हणणे काय, ते कशावरून, आणि विरुद्ध बाजू काय म्हणते? तिन्ही उत्तरे निबंधातूनच मिळाली तर काम झाले. एखादे अडले, तर त्या जागेचे शब्द परत आणा आणि तेवढेच पार्श्वभूमीतून काढा.

चारकोपचा तो १४० शब्दांचा परिच्छेद पुसून टाकू नका. संप पाहिलेली पिढी आता सत्तरीच्या पुढे आहे. तुमच्या घरात किंवा सोसायटीत गिरणीत काम केलेले कोणी असेल, तर त्यांची परवानगी घेऊन आठवणी ध्वनिमुद्रित करा, तारीख आणि गिरणीचे नाव नोंदवा, आणि ‘गिरणी कामगार उपनगरांत कसे आले’ या प्रश्नावर स्वतंत्र निबंध लिहा.